भांडण नाही, तक्रार नाही, तरी सोबत असून एकटं का वाटतं?

निळीशाई

बरेच दिवस हा प्रश्न मनात आहे, तो नीट मांडायचा प्रयत्न करते. लग्नाला नऊ वर्षं झाली. भांडणं जवळजवळ नाहीत, व्यसन नाही, पैशांची ओढाताण नाही, संशयाला जागा नाही. कामं वाटलेली आहेत आणि ती दोघंही करतो. संध्याकाळी एकाच खोलीत असतो, बोलतोही. तरी रात्री दिवा बंद केल्यावर वाटतं की आज दिवसभरात माझ्याशी कुणी बोललंच नाही.

अडचण अशी की बोट ठेवायला काही सापडत नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर "नेमकं काय झालं?" असं तो विचारणार, आणि माझ्याकडे उत्तर नाही. सांत्वन नको आहे. अशा वेळी नेमकं काय तपासायचं, कशाकडे बघायचं, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.

उंबरठा

सरळ आहे. एकमेकांना वेळ देत नसणार. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त दोघांसाठी ठेवा, वर्षातून दोनदा बाहेर जा. दोन महिन्यांत फरक पडेल.

पाऊलखुणा

मला वाटतं सगळं एका माणसाकडून मिळावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मैत्रिणी वाढवा, एखादा छंद धरा, जुनी मंडळी गोळा करा. एकटेपणा आपोआप जाईल.

दुसरी_बाजू

जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पाऊलखुणा, मैत्रिणी हव्यातच, पण त्याने हे दुखणं जाणार नाही. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच दाखवून दिलं होतं की एकटेपणा दोन जातींचा असतो. एक गोतावळा नसल्याचा, दुसरा अगदी जवळचं माणूस नसल्याचा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. चार मैत्रिणींबरोबर मजेत संध्याकाळ घालवून घरी आल्यावर दार उघडताना जे पोटात कालवतं, ते दुसऱ्या जातीचं.

उंबरठा, वेळेचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण निळीशाई लिहितात की दोघं रोज एकाच खोलीत असतात. वेळ आहे, त्या वेळात काय घडतं ते बघायला हवं.

मराठीत आपण म्हणतो, हाकेला ओ देणे. नात्यात दिवसभर अशा बारीक हाका चालू असतात. "हे बघ काय आलंय", "आज फार दमायला झालं", खिडकीतून बघत नुसतं "केवढा पाऊस!" म्हणणं, उसासा टाकणं, फोनवरचा व्हिडिओ समोर धरणं. यातल्या एकाही वाक्यात काही मागितलेलं नसतं. आत अर्थ एकच असतो, क्षणभर माझ्याकडे ये. प्रत्येक हाकेचं तीनपैकी एक होतं. ओ मिळते, हाक निसटते, किंवा ती झिडकारली जाते.

भांडणाऱ्या घरात झिडकारणं जास्त असतं, म्हणून तिथे काय बिघडलं ते दिसतं. तुमच्यासारख्या घरात झिडकारणं जवळपास शून्य आणि निसटणं मात्र भरपूर. निसटलेल्या हाकेचा आवाज होत नाही. म्हणूनच बोट ठेवायला जागा सापडत नाही.

जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण करून सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. ज्यांचं लग्न टिकलं होतं त्यांनी एकमेकांच्या 86 टक्के हाकांना ओ दिली होती, जे वेगळे झाले त्यांनी 33 टक्के. हा आकडा स्वतःवर पट्टीसारखा लावू नका, प्रयोगशाळेतल्या मोजमापाची घरातल्या वहीशी तुलना होत नाही. पण कशाकडे बघायचं ते त्यातून कळतं.

तेव्हा सात दिवस एवढंच करा. रोज संध्याकाळचे तेच दोन तास धरा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं वहीत लिहा, तुम्ही हाक दिलीत ती कुठली आणि तिचं काय झालं. आणि हे विसरू नका, त्याने दिलेल्या हाका आणि तुम्ही त्यांचं काय केलंत, हेही. वही त्याला दाखवायची नाही आणि पुढे पुरावा म्हणून वापरायची नाही.

गप्प_गडी

मी स्वतः या गोष्टीतला दुसरा माणूस आहे, म्हणून बोलतो. माझी बायको हेच म्हणते. मला तर तिच्या शेजारी न बोलता बसणं हीच जवळीक वाटते. आता घरात कुणी माझ्या प्रत्येक शब्दाची नोंद ठेवतंय हे कळलं तर मी उरलेलं बोलणंही बंद करीन. हिशोब ठेवून प्रेम होत नाही.

दुसरी_बाजू

गप्प_गडी, आक्षेप रास्त आहे, म्हणून तर वही दाखवायची नाही म्हटलं. ती समोरच्याला पकडण्यासाठी ठेवायची नसते, स्वतःची नजर बसावी म्हणून ठेवायची. सात दिवसांनंतर ती बंदच करायची. महिनोन्महिने मोजणाऱ्या माणसाला फक्त निसटलेलंच दिसायला लागतं.

तुमच्या प्रतिसादातून एक गोष्ट निघते, तीही निळीशाईंनी धरावी. अबोल माणसाच्या हाका शब्दांत नसतात. तुम्ही वाचत बसलात की तो आपलं काम घेऊन त्याच खोलीत येऊन बसतो. "झोपलीस का?" असं हळूच विचारतो. तुमचा फोन चार्जिंगला लावून ठेवतो आणि लावला म्हणून सांगतो. या हाका मोजल्या नाहीत तर वही खोटी ठरेल.

उंबरठा

पण नवरा-बायकोला न सांगता कळायला नको का? नऊ वर्षांनीही बोलून दाखवावं लागत असेल तर मग जवळीक कसली?

तिसरा_प्रहर

इथेच तर बहुतेकांचा पाय घसरतो. 2011 मध्ये सविट्स्की, केयसर, एपली वगैरे संशोधकांनी जोडप्यांवर प्रयोग केला. एकाने दुहेरी अर्थाचं वाक्य बोलायचं, ऐकणाऱ्यांनी त्यातला नेमका अर्थ ओळखायचा. ऐकणाऱ्यांत जोडीदारही होते आणि परकेही. जोडीदारांना परक्यांपेक्षा काही विशेष जास्त कळलं नाही. मात्र "आपल्या माणसाला कळेल" हा बोलणाऱ्याचा भरवसा बराच जास्त होता.

म्हणजे जवळच्या माणसाशी बोलताना आपण अर्धंच बोलतो आणि उरलेलं त्याने ओळखलं असं धरून चालतो. परक्याशी मात्र नीट उलगडून बोलतो. नऊ वर्षांत ही सवय वाढतच जाते.

निळीशाई

सात दिवस केलं. मान खाली घालून लिहावं लागतंय.

माझ्या हाका आठवड्यात एकूण 14, म्हणजे दिवसाला फक्त दोन. त्यातल्या 5 ना ओ मिळाली, 9 निसटल्या, झिडकारलेली एकही नाही. हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते दुसरं. न बोलता दिलेल्याही धरल्या तर त्याच्या हाका 17 निघाल्या, आणि मी त्यातल्या 6 नाच ओ दिली. एकदा तो व्हिडिओ दाखवत होता, तेव्हा मी मानही वर केली नाही.

एक प्रसंग जसाच्या तसा देते. बुधवारी मी म्हणाले, "आज माझा आराखडा एका फटक्यात मंजूर झाला." तो म्हणाला, "अरे वा, छान. उद्या गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे ना?" मी "हो" म्हणाले आणि विषय संपला. यात त्याचं काय चुकलं ते मला सांगता येत नाही. पण नंतर मी तासभर फोनमध्ये तोंड घालून बसले.

दुसरी_बाजू

हा प्रसंग दिलात ते फार बरं झालं, सगळं इथेच आहे.

आधी आकड्यांबद्दल. 14 पैकी 5 यापेक्षा दिवसाला दोनच, हे मला जास्त बोलकं वाटतं. निसटलेली हाक माणूस सहसा पुन्हा देत नाही. हळूहळू हाकाच कमी होतात, मग निसटायलाही काही उरत नाही आणि घर शांत, सुरळीत दिसायला लागतं.

आता बुधवार. शेली गेबल यांनी आनंदाची बातमी जोडीदाराला सांगितल्यावर काय होतं याचा अभ्यास केला आहे. आपण समजतो की जोडीदाराची परीक्षा संकटात होते, पण चांगल्या बातमीला मिळणारं उत्तरही नात्याबद्दल तितकंच सांगतं. उत्तरं साधारण चार तऱ्हांची. तुमच्या आराखड्याचंच घेऊ.

"आता तुझ्याच गळ्यात आणखी काम पडणार." हे पाणी ओतणं झालं.

"बरं, माझा चार्जर बघितलास का?" ही बातमी ओलांडून जाणं झालं.

"अरे वा, छान." हे कौतुकच आहे, पण दार ढकलून घेतल्यासारखं.

"एका फटक्यात? मागच्या वेळी तर तीनदा परत पाठवला होता. आधी कोण हो म्हणालं?" ही खरी ओ.

गेबल यांच्या पाहणीत फक्त चौथ्या तऱ्हेचं उत्तर नात्यातल्या समाधानाशी जोडलेलं दिसलं. तिसरं सभ्य असतं, त्याच्यावर तक्रार करता येत नाही, आणि पोटात मात्र ते दुसऱ्याच्याच रांगेत जाऊन बसतं. तुम्हाला चूक सापडत नव्हती ती याच कारणाने.

चौथं उत्तर द्यायला कुठलीही कला लागत नाही. त्या प्रसंगातला एक तपशील विचारायचा. कोण म्हणालं, मग काय झालं, तुला तेव्हा काय वाटलं. असा एक प्रश्न, आणि उत्तर आल्यावर त्याच उत्तरातून निघालेला दुसरा. दोन प्रश्नांपर्यंत सल्ला नाही आणि विषय बदलणं नाही. सगळं मिळून दीड-दोन मिनिटांचं काम.

कानोसा

थोडं वेगळं, पण सांगतोच. मी श्रवणतपासणीचं काम करतो. "माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही" असं म्हणणाऱ्या काही घरांत ते खरोखरच कानापर्यंत पोचत नसतं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण स, त, फ असे वर्ण गळतात. समोरासमोर सगळं ठीक चालतं. पाठमोरं असताना, नळ किंवा पंखा चालू असताना हाक निसटते, आणि वारंवार "काय?" विचारायची लाज वाटते म्हणून "हं हं" करून सोडून दिलं जातं. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, फोनवर एकच कान वापरला जात असेल, तर आधी ऑडिओमेट्री करून घ्या. पन्नाशीपुढच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पाऊलखुणा

हे अजिबात सुचलं नव्हतं. धन्यवाद.

निळीशाई

कान ठीक आहेत. :) आता त्याच्याशी बोलायचं कसं? एकदा "मला एकटं वाटतं" म्हणाले होते. तो म्हणाला, "मी अजून काय करायचं बाकी ठेवलंय?" आणि मग दोन दिवस गप्प.

दुसरी_बाजू

कारण त्या वाक्याने त्याच्या नऊ वर्षांचा निकाल लावला असं त्याला ऐकू आलं. अशा वाक्यावर माणूस बचावाचीच यादी काढतो. मग तुम्ही जोर लावता, तो आणखी आत जातो, तुम्ही आणखी जोर लावता. या चक्रावर अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी बरंच काम केलं आहे. आत जाणाऱ्याला काही वाटत नसतं असं नाही, पुष्कळदा काय बोलावं ते त्याला सुचत नसतं.

म्हणून एकच प्रसंग घ्या, आणि तोही ताजा. त्यात तीन गोष्टी येऊ द्या, काय घडलं, मला काय झालं, आणि मला कुठली लहानशी गोष्ट हवी आहे. साधारण असं:

"बुधवारी मी आराखड्याचं सांगत होते आणि आपण लगेच गाडीवर गेलो. तिथे मला एकदम एकटं वाटलं. मी असं काही सांगितलं की दोन मिनिटं त्याच विषयावर थांबशील का?"

यात "नेहमी", "कधीच", "तुला काही पडलेलं नसतं" हे येऊ देऊ नका. लगेच पुढचं वाक्य तुमच्या वहीतलं ठेवा, "मीही तुझं बोलणं बऱ्याचदा सोडून देते, परवा तू व्हिडिओ दाखवत होतास तेव्हा मी मान वर केली नाही." हे खरं आहे, म्हणून ते चालेल. खरं नसतं तर म्हणू नका म्हटलं असतं.

पहिली तीन मिनिटं फार महत्त्वाची. गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी 1999 मध्ये दाखवलं की वादाची सुरुवात कशी होते त्यावरूनच पुढचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. दिवा बंद केल्यावर अंथरुणात हा विषय काढू नका, दाराबाहेर पडताना तर नाहीच. "पंधरा मिनिटं आहेत का?" असं विचारून बसा आणि पंधरा मिनिटांनी खरंच उठा, बोलणं अर्धवट राहिलं तरी. पुढच्या वेळी तो बसेल तो या भरवशावर.

तिसरा_प्रहर

यात एक नेहमीची फसगत जोडतो. तो तीन दिवस प्रश्न विचारेल, जरा ठरवून ठरवून, पाठ केल्यासारखं. मग मनात येतं, "मी सांगितलं म्हणून विचारतोय, त्यात काय अर्थ?" आणि आपण कोरडं उत्तर देतो. म्हणजे आता त्याची हाक आपण निसटवली. नवीन सवय सुरुवातीला अवघडलेलीच असते, तिच्यावरून मन खरं की खोटं हे ठरवू नये.

दुसरं, कारभाराचं बोलणं वेगळं काढा. बिलं, गाडी, दुरुस्त्या, कोण कधी कुठे जाणार, यासाठी रोज दहा मिनिटं वही घेऊन बसा आणि संपवा. नाहीतर प्रत्येक गप्पेत ते घुसतं, कारण लक्षात आलेली गोष्ट विसरेल या धास्तीने माणूस ती मध्येच बोलून टाकतो. बुधवारी गाडी आली ती अशीच असणार.

मग वीस मिनिटं, दहा तुझी, दहा माझी. विषय घराबाहेरचा घ्यायचा, आपल्या नात्याचा नाही. ऐकणाऱ्याने उपाय सुचवायचा नाही. फोन दुसऱ्या खोलीत.

उंबरठा

माझा बाहेर जायचा सल्ला अगदीच टाकाऊ होता का मग?

दुसरी_बाजू

नाही हो. आर्थर ॲरन यांनी 2000 साली जोडप्यांना सात मिनिटांचं एक विचित्र, धडपडीचं काम दिलं होतं, मनगट आणि पाय एकमेकांना बांधून हातापायांवर चालत गादीवरून जायचं. ज्यांनी ते केलं त्यांना साधं, कंटाळवाणं काम करणाऱ्यांपेक्षा नात्याबद्दल बरं वाटलं. गुण नवेपणाचा होता. तेव्हा ठरलेल्या जागी जाऊन ठरलेल्याच गप्पा मारल्या तर उपयोग थोडा. दोघांनाही न येणारी एखादी गोष्ट एकत्र शिकलात तर जास्त.

गप्प_गडी

एक विचारतो. समजा त्याने स्वच्छ सांगितलं की "मला काही कमी वाटत नाही", मग?

दुसरी_बाजू

ते खरंही असू शकतं, दोघांची भूक सारखी नसते. मी म्हणेन, चार ते सहा आठवडे तुमच्या बाजूने ओ वाढवा, त्याच्या मूक हाकांनाही, आणि मग पुन्हा एकच आठवडा मोजा. बऱ्याच घरांत एका बाजूने बदल झाला की दुसरी हलते. नाही हलली तर दोघांनी समुपदेशकाकडे जा, आणि तो येत नसेल तर एकट्याने.

तिसरा_प्रहर

इथे मी सहमत नाही. आधीच उपाशी असलेल्या माणसाला सहा आठवडे दुसऱ्याला वाढायला सांगणं म्हणजे मनात अढी साठवणं. दोन आठवडे पुरे, तोवर स्पष्ट मागणी झालेली हवी.

दुसरी_बाजू

मागणी आधी हवी हे मान्य. मुदतीबद्दल आपलं जमेल असं वाटत नाही. :)

आणखी दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. एकटेपणा लांबला की मन सावध होतं आणि साध्या गोष्टीतही नकार वाचायला लागतं. जॉन कॅचिओपो यांचं यावर मोठं काम आहे. तेव्हा हाक निसटली की एकदा नाव घेऊन, नजर गाठून पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही निसटली तरच वहीत लिहा.

दुसरी, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, नात्याबाहेरही सगळं फिकं वाटत असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, तर हे नात्याचं नसून नैराश्याचं असू शकतं, तुमचं किंवा त्याचं. तेव्हा आधी डॉक्टर. आणि गप्प बसणं ही शिक्षा म्हणून वापरली जात असेल, बोलायची भीती वाटत असेल, तर वर लिहिलेलं काहीही करू नका. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यात आधी आपली सुरक्षितता बघायची असते.

निळीशाई

भीती नाही, आणि बाकी सगळीकडे मन लागतं.

काल पंधरा मिनिटं मागितली. वाक्य जवळपास तसंच म्हटलं, व्हिडिओचंही म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला माझे व्हिडिओ आवडत नाहीत, म्हणून मी हल्ली दाखवत नाही." बरोबर पंधराव्या मिनिटाला उठलो, बरंच राहून गेलं.

झोपताना म्हणाला, "त्या आराखड्याला आधी कोण हो म्हणालं?" मी सांगितलं. त्यावर दुसरा प्रश्न काही आला नाही. तो झोपला की विचार करत होता, ते अंधारात कळलं नाही. कारभाराची वही आज आणली आहे.

पाऊलखुणा

निळीशाई, दोन आठवड्यांनी इथेच लिहा. आमचं बोलणं कामामुळे बहुतेक फोनवरच होतं, तिथे मूक हाका कशा ओळखायच्या हेही कुणीतरी सांगा.

दुसरी_बाजू

पाऊलखुणा, फोनवर "बरं, ठेवू का?" म्हटल्यावरही जो ठेवत नाही, त्याच्याकडे लक्ष द्या. बाकीचं उद्या लिहिते.